घनसेंटिमीटर, लिटर आणि दोन मोटारसायकली

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजूमार्गे अकोल्याकडे जाणारा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा आहे. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्गावर पंचाहत्तर किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्यात आला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. या रस्त्यावरून नोकरी, शिक्षण, शेतमालाची विक्री आणि दवाखान्याच्या निमित्ताने रोज ये-जा करणाऱ्यांमध्ये मोटारसायकलस्वारांची संख्या लहान नाही. मूर्तिजापूरच्या आसपास राहणाऱ्या माणसाला जुनी मोटारसायकल घ्यावयाची झाल्यास एक वाहन अमरावतीत पाहावे, दुसरे अकोल्यात, आणि मग घरी बसून दोन्हींची तुलना करावी, असे सहज घडते.

या तुलनेत पहिली अडचण येते ती मापांची. पंपावर पेट्रोल लिटरमध्ये मिळते, मोटारगाडीचे इंजिन ‘१.२ लिटर’चे म्हणून विकले जाते, परंतु मोटारसायकलचे इंजिन मात्र ‘सी.सी.’मध्ये, म्हणजे घनसेंटिमीटरमध्ये सांगितले जाते. नोंदणी प्रमाणपत्रातही घनक्षमतेच्या रकान्यात घनसेंटिमीटरचाच आकडा असतो. एका मोटारसायकलची माहिती ‘०.३५ लिटर’ अशी आणि दुसरीची ‘३४६ सी.सी.’ अशी समोर आली, तर त्यांत मोठी कोणती आणि किती मोठी, हे ठरविण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच मापात आणावे लागतात. हे रूपांतर शालेय गणिताचे आहे. तरीही त्यात चुका होतात, आणि त्यांतील काही चुका खरेदीदाराच्या खिशाला जाऊन भिडतात.

इंजिनाचा ‘आकार’ म्हणजे नेमके काय?

इंजिनाची घनक्षमता म्हणजे इंजिनाच्या धातूचा आकार नव्हे किंवा पेट्रोलच्या टाकीची क्षमताही नव्हे. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली सरकत असतो. तो सर्वांत वरच्या टोकापासून सर्वांत खालच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा मोकळी करतो, तेवढे त्या सिलिंडरचे घनफळ. दट्ट्या वर पोहोचल्यावरही त्याच्या डोक्यावर ज्वलनकक्षाची थोडी जागा उरते. ती या मोजमापात धरली जात नाही. एकाहून अधिक सिलिंडर असतील तर सर्वांच्या घनफळांची बेरीज करावयाची.

दट्ट्याने मोकळी केलेली जागा वृत्तचितीच्या आकाराची असते. तिचे घनफळ काढण्यास दोनच मापे पुरतात : सिलिंडरचा आतील व्यास, ज्याला कारागीर ‘बोअर’ म्हणतात, आणि दट्ट्याच्या सरकण्याची लांबी, म्हणजे ‘स्ट्रोक’. १९५५ पासून मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, तयार होऊ लागलेल्या जुन्या बुलेट ३५० चे उदाहरण येथे सोयीचे आहे. तिचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. प्रथम ही मापे सेंटिमीटरमध्ये आणावीत : ७ आणि ९. व्यासाचा निम्मा म्हणजे त्रिज्या ३.५ सेंटिमीटर. तिचा वर्ग १२.२५. त्याला शाळेत शिकविलेल्या बावीस सप्तमांशाने गुणले की वर्तुळाचे क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटिमीटर येते, आणि त्यास ९ ने गुणले की ३४६.५ घनसेंटिमीटर. बावीस सप्तमांशाऐवजी ३.१४१६ ही अधिक अचूक किंमत घेतल्यास उत्तर ३४६.४ येते. नोंदणीच्या कागदावर दिसणारा ३४६ चा आकडा याच हिशोबातून आलेला आहे.

तेव्हा नावातील ‘३५०’ हा आकडा मोजमाप नसून ओळखीचा शब्द आहे, ही गोष्ट येथेच ध्यानात घ्यावी. बाजारात शंभर सी.सी.ची म्हणून ओळखली जाणारी स्प्लेंडर ९७.२ घनसेंटिमीटरची असते आणि पल्सर १५० ही १४९.५ ची. बुलेट ३५० चे तर आणखी एक वैशिष्ट्य आहे. २०२३ मध्ये याच नावाने आलेल्या मोटारसायकलीत ७२ मिलिमीटर व्यासाचे आणि ८५.८ मिलिमीटर स्ट्रोकचे नवे इंजिन आहे. त्याची क्षमता ३४९.३ घनसेंटिमीटर भरते. नाव एकच, पण इंजिने दोन. म्हणून रूपांतरास घ्यावयाचा आकडा इंधनटाकीवरच्या नावातून न घेता नोंदणी प्रमाणपत्रातून घ्यावा.

दशांश चिन्ह कोठे जाते?

एक लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच अशा चौकोनी डब्यात मावणारी जागा. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे एक हजार घनसेंटिमीटर. यावरून घनसेंटिमीटरचे लिटर करावयाचे तर हजाराने भागावयाचे, अर्थात दशांश चिन्ह तीन घरे डावीकडे न्यावयाचे. जुन्या बुलेटचे ३४६.४ घनसेंटिमीटर म्हणजे ०.३४६४ लिटर. औषधाच्या बाटलीवरील मिलिलिटर आणि इंजिनाचा घनसेंटिमीटर हे एकाच मापाचे दोन पोशाख आहेत.

ते नेहमीच तंतोतंत एक नव्हते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय मापन परिषदेने लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याला लागणारी जागा अशी केली होती. पुढे सूक्ष्म मोजणीत ती जागा एक हजार घनसेंटिमीटरपेक्षा किंचित अधिक, म्हणजे १०००.०२८ घनसेंटिमीटर असल्याचे आढळले. १९६४ मध्ये परिषदेने ती व्याख्या रद्द करून लिटर बरोबर एक हजार घनसेंटिमीटरवर आणून ठेवला. बुलेटच्या इंजिनाच्या हिशोबात त्या जुन्या फरकाने एक शतांश घनसेंटिमीटर एवढाच बदल होतो. तो कोणत्याही कारखान्याच्या मोजपट्टीत सापडणार नाही. भारतात १९५८ पासून शेर-मण जाऊन किलोग्रॅम-क्विंटल येऊ लागले आणि मापांचे व्यवहार टप्प्याटप्प्याने दशमान झाले. पायली आणि कुडवाने धान्य मोजणाऱ्या वऱ्हाडाने तो बदल पचविला, त्यापुढे तीन घरांचे हे सरकणे काहीच नव्हे.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली चूक शंभराच्या आतील इंजिनांत दिसते. स्प्लेंडरचे ९७.२ घनसेंटिमीटर लिटरमध्ये लिहिताना ‘०.९७२’ असे लिहिले जाते, कारण अंकापुढे ‘शून्य पूर्णांक’ लावला की काम झाले असे वाटते. परंतु तीन घरे मोजली तर ९ आणि ७ ही दोन घरे ओलांडल्यावर तिसरे घर रिकामेच असते आणि तेथे शून्य भरावे लागते : ०.०९७२ लिटर. हा एक शून्य गळला तर छोटे इंजिन दसपट मोठे होते, आणि कागदावर स्प्लेंडर एकाएकी मोटारगाडीच्या पंक्तीला जाऊन बसते. जुन्या मारुती ८०० मोटारीचे तीन सिलिंडरांचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, म्हणजे ०.७९६ लिटरचे होते, हे आठवले तरी चूक लगेच उघडकीस येते.

दुसरी चूक मिलिमीटर न बदलता गुणाकार केल्याने होते. ७० आणि ९० ही मापे तशीच घेतल्यास बुलेटचे उत्तर ३,४६,३६१ असे मोठे येते. ते घनमिलिमीटर आहेत. त्यांना हजाराने भागले की घनसेंटिमीटर मिळतात, लिटर नव्हेत. लिटरसाठी दहा लाखांनी भागावे लागते. एकदाच हजाराने भागून कोणी ‘३४६ लिटर’ लिहिले, तर त्याच्या मोटारसायकलीला दोनशे लिटरच्या पिंपाहून मोठे सिलिंडर लागेल. येथे चूक इतकी ढोबळ असते की ती सहसा टिकत नाही. शून्य गळण्याची चूक अधिक घातक, कारण ती दिसायला बरोबर दिसते.

किती घरे ठेवावीत?

लिटरमध्ये आकडा आला की तो आटोपशीर करण्याचा मोह होतो. मोटारगाड्यांच्या बाबतीत ११९७ घनसेंटिमीटरला १.२ लिटर म्हटल्याने फारसे बिघडत नाही. तीन घनसेंटिमीटरचा फरक तेथे सुमारे चारशेत एक एवढाच आहे. मोटारसायकलींची इंजिने लहान असल्याने तीच सवय येथे तुलनेचा विचका करते.

समजा, अमरावतीत पाहिलेली मोटारसायकल पल्सर १५० आहे आणि अकोल्यात पाहिलेली अपाचे आर.टी.आर. १६०. पहिलीची क्षमता १४९.५ आणि दुसरीची १५९.७ घनसेंटिमीटर. लिटरमध्ये त्या ०.१४९५ आणि ०.१५९७ होतात. आता दशांश चिन्हापुढे एकच घर ठेवले तर पहिली ०.१ लिटर होते आणि दुसरी ०.२ लिटर. कागद पाहणाऱ्यास अकोल्याची मोटारसायकल अमरावतीच्या दुप्पट वाटेल. प्रत्यक्षात फरक १०.२ घनसेंटिमीटरचा, म्हणजे शेकडा सातच्या आसपास आहे. दोन लहान चमच्यांत मावेल एवढा. दोन घरे ठेवली, तर ०.१५ आणि ०.१६ असे आकडे येतात आणि तुलना बरीच ताळ्यावर येते.

परंतु दोन घरेही प्रत्येक वेळी पुरत नाहीत. याचे कारण विम्याच्या आणि कराच्या तक्त्यांत आहे. तृतीय पक्ष विम्याचे दर ठरविताना दुचाकींचे चार गट पाडण्यात आले आहेत : ७५ घनसेंटिमीटरपर्यंत, ७५ च्या वर १५० पर्यंत, १५० च्या वर ३५० पर्यंत, आणि ३५० च्या वर. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार दुसऱ्या गटाचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये, तिसऱ्याचा १,३६६ रुपये आणि चौथ्याचा २,८०४ रुपये होता; त्यावरील कर निराळा. म्हणजे वरील उदाहरणातील १४९.५ ची मोटारसायकल दुसऱ्या गटात बसते आणि १५९.७ ची तिसऱ्या. इंजिनात शेकडा सातचा फरक असताना विम्याच्या हप्त्यात जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. वस्तू व सेवा कराची सीमारेषाही ३५० घनसेंटिमीटरवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवर १८ टक्के आणि त्यावरील मोटारसायकलींवर ४० टक्के कर लागू झाला. नव्या बुलेटचे इंजिन ३४९.३ घनसेंटिमीटरचे का, याचा विचार करताना अशा सीमारेषा दुर्लक्षून चालणार नाही. परंतु हे इंजिन या करबदलाच्या आधीचे आहे, हेही विसरू नये.

सीमारेषेजवळ लिटरचे दोन घरांचे आकडे कसे फसवितात, याचे चांगले उदाहरण पुन्हा जुनी बुलेटच पुरविते. बरीच वर्षे चाललेल्या इंजिनाचे सिलिंडर आतून झिजते, इंजिन ऑइल जळू लागते आणि निळसर धूर दिसू लागतो. अशा वेळी कारागीर सिलिंडर लेथवर घेऊन आतून किंचित मोठे करतो आणि त्यात मोठ्या मापाचा दट्ट्या बसवितो. यालाच बोलीत ‘बोअर करणे’ म्हणतात. समजा, ७० मिलिमीटरचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढून ७०.५ झाला. आता त्रिज्या ३.५२५ सेंटिमीटर, तिचा वर्ग सुमारे १२.४२६, क्षेत्रफळ ३९.०४ चौरस सेंटिमीटर, आणि नऊने गुणल्यावर घनफळ ३५१.३ घनसेंटिमीटर. व्यासातील वाढ नखाच्या जाडीएवढी, पण व्यासाचा वर्ग होत असल्याने घनफळ पाच घनसेंटिमीटरने वाढले आणि ३५० ची रेषा ओलांडून गेले. लिटरमध्ये दोन घरे ठेवली तर दुरुस्तीपूर्वीचे इंजिन ०.३५ आणि नंतरचेही ०.३५. तीन घरे ठेवली तर ०.३४६ आणि ०.३५१.

विम्याचा गट नोंदणी प्रमाणपत्रातील आकड्यावरून ठरतो, आणि तेथे ३४६ च असतो. म्हणून साध्या दुरुस्तीने कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु नोंदीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. मुद्दाम मोठे सिलिंडर किंवा दुसरेच इंजिन बसवून घेतलेले वाहन विकत घेणे म्हणजे ती भानगडही विकत घेणे होय. अकोल्यातील विक्रेता ‘इंजिन नुकतेच बोअर केले आहे’ असे अभिमानाने सांगत असेल, तर किती बोअर केले आणि त्याच मापाचा दट्ट्या पुढील वेळी मिळणार काय, एवढे विचारून घ्यावे. सिलिंडरची भिंत दर वेळी पातळ होत जाते. ठरावीक मर्यादेनंतर नवी बाही बसवावी लागते आणि व्यास पुन्हा मूळ मापावर आणावा लागतो.

सारांश एवढाच की दोन मोटारसायकलींची तुलना लिटरमध्ये करावयाची असेल, तर तीन घरे ठेवावीत. नियम किंवा दराचा तक्ता पाहावयाचा असेल, तर लिटरच्या वाटेस न जाता मूळ घनसेंटिमीटरचा आकडा वापरावा.

लिटर कोठे उपयोगी पडतो?

मग मोटारसायकलच्या बाबतीत लिटर हवाच कशाला, असा प्रश्न पडू शकतो. दोन निरनिराळ्या इंजिनांनी आपापल्या जागेचा किती उपयोग करून घेतला, हे पाहताना तो कामास येतो. बुलेटच्या शेजारी राजदूत ३५० ठेवून पाहिले म्हणजे ते स्पष्ट होईल. जपानच्या यामाहा कंपनीच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्सने ही मोटारसायकल १९८३ मध्ये भारतात आणली. त्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आता ती शौकिनांकडेच आढळते. तिला दोन सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ६४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ५४ मिलिमीटर. त्रिज्या ३.२ सेंटिमीटर, वर्ग १०.२४, क्षेत्रफळ ३२.१७, आणि ५.४ ने गुणले की १७३.७ घनसेंटिमीटर. दोन सिलिंडरांचे मिळून ३४७.४, म्हणजे ०.३४७ लिटर. बुलेट ०.३४६. दोहोंतील फरक एका घनसेंटिमीटरचा, म्हणजे औषधाच्या वीसेक थेंबांचा.

आणि तरीही जुन्या बुलेटची शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती होती, तर राजदूत ३५० च्या सुरुवातीच्या नमुन्याची सुमारे ३०. शक्तीला लिटरमधील घनक्षमतेने भागले असता बुलेटच्या वाट्यास दर लिटरमागे ५२ अश्वशक्ती येतात आणि राजदूतच्या वाट्यास ८६. याच हिशोबात रूपांतराची चूकही पकडता येते. कोणी ३४६ चे ०.०३४६ लिटर केले, तर उत्तर दर लिटरमागे पाचशेहून अधिक अश्वशक्ती येईल. बुलेटला असे भाग्य लाभलेले नाही.

जागा सारखी असूनही शक्तीत एवढे अंतर का, याचे उत्तर फेऱ्यांत आहे. बुलेटचे इंजिन चार टप्प्यांचे, म्हणजे फोर स्ट्रोक. त्यात दट्ट्या पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दर दोन फेऱ्यांत एकदा आत घेतो. राजदूतचे इंजिन दोन टप्प्यांचे होते; त्यात प्रत्येक फेरीस नवे मिश्रण आत येते. दोन्ही इंजिने मिनिटास ५,००० फेऱ्या करीत आहेत असे धरले, तर बुलेट ०.३४६ लिटरचा घोट २,५०० वेळा घेते, म्हणजे मिनिटास सुमारे ८६६ लिटर. राजदूत ०.३४७ लिटरचा घोट ५,००० वेळा घेते, म्हणजे सुमारे १,७३७ लिटर. हा हिशोब कागदावरचा आहे. कोणतेही इंजिन आपला घोट पूर्ण भरून घेत नाही. तरीही घनसेंटिमीटरचा आकडा एका घोटाचे माप सांगतो, घोटांची संख्या सांगत नाही, हे त्यावरून दिसते.

घोट दुप्पट असूनही शक्ती दुप्पट झाली नाही, याचेही कारण आहे. दोन टप्प्यांच्या इंजिनात जळालेला वायू बाहेर जाण्याचे आणि ताजे मिश्रण आत येण्याचे काम एकाच वेळी चालते. त्या घाईत ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराड्यातून निघून जातो. त्यामुळेच राजदूत ३५० पेट्रोल अधिक पिते अशी तिची ख्याती होती, आणि मूर्तिजापूरहून निघून अमरावतीस पोहोचेपर्यंत तिच्या टाकीतून गेलेले पेट्रोल बुलेटच्या तुलनेत बरेच अधिक असे, जरी दोघींच्या कागदावर ०.३५ लिटरच लिहिलेले असले.